फिल्म देऊन झाली, आता मास्टर कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा?

आपल्याकडे काम संपलं म्हणजे काय, तर क्लायंटला पेन ड्राइव्ह दिला, यूट्यूबची लिंक टाकली, व्हॉट्सअ‍ॅपवर एक हलकी कॉपी पाठवली, रील कापून दिली आणि उरलेलं पेमेंट आलं. मग चार-सहा महिन्यांनी डिस्क भरते, नवीन लग्नसराई तोंडावर असते, आणि प्रश्न पडतो की यातलं ठेवायचं काय अन् उडवायचं काय. बहुतेक जण सगळ्यात मोठी एमपी४ ठेवतात आणि बाकी साफ करतात. ती एमपी४ म्हणजेच मास्टर असं समजून चालतात, पण ती मास्टर नसते, ती अपलोडसाठी दाबून बारीक केलेली कॉपी असते. हे दोन्ही सुरुवातीपासून वेगळे का ठेवायचे आणि मास्टरला कुठला फॉरमॅट घ्यायचा, एवढंच आज बघू.

उदाहरणाला एकच फिल्म घेऊ म्हणजे आकडे डोक्यात बसतील. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवरची १८ मिनिटांची डॉक्युमेंटरी, फोर के म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला २५ फ्रेम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जे काही असतं ते सगळं आहे त्यात, पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, त्यांच्या गळ्यातल्या त्या टोमणे मारणाऱ्या पाट्या, धूळ, गुलाल, डीजे आणि हजारो डोकी. मुद्दामच हे घेतलंय, कारण व्हिडिओ दाबणाऱ्या कोडेकला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो अशाच चित्राला. खुर्चीवर बसून बोलणाऱ्या माणसाचं चित्र दाबणं सोपं असतं, मागची भिंत हलतच नाही, पण उडता गुलाल आणि गर्दी यात प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी.

आता यूट्यूबला पाठवलेली फाईल बघा. यूट्यूबच फोर के २५ फ्रेमला ३५ ते ४५ एमबीपीएस बिटरेट सुचवतं, आपण ४५ धरू. १८ मिनिटांची फाईल झाली साधारण ६ जीबी. एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी २२५ केबी आले, म्हणजे फोनवरच्या एखाद्या बऱ्या फोटोपेक्षाही कितीतरी कमी. मग एच.२६४ काय करतो, तर तो प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवतच नाही. एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त 'काय बदललं' एवढंच लिहितो. बघायला हे चालतं, मस्त चालतं, फोनवर कोणाला कळणारही नाही. पण गुलाल उडाला की सगळंच बदलतं, तेवढे बिट त्याच्याकडे नसतात, म्हणून तो बारीक तपशील सोडून देतो आणि धुळीच्या जागी चौकोनी ठोकळे येतात. एकदा गेले ते गेले, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट रंगाची. अपलोडच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा ४:२:० असतं. याचा सरळ अर्थ असा की उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये मिळून एकदाच. तुमची फिल्म फोर के असली तरी तिच्यातला रंग १९२० बाय १०८० चाच आहे. आणि हीच फिल्म फुल एचडीत काढून ठेवली असेल तर रंग ९६० बाय ५४०. बडग्याच्या पिवळ्या पाटीवर लाल रंगात लिहिलेलं असतं ना, तिथे झूम करून बघा, अक्षरांच्या कडेला लाल रंग पिवळ्यात झिरपल्यासारखा दिसतो, काना-मात्रा धूसर होतात. पाटी हीच जर फिल्मची गंमत असेल तर ते वाचता आलं पाहिजे ना बाप्पा. ४:२:२ मध्ये रंग आडव्या दिशेने निम्मा असतो पण उभ्या दिशेने पूर्ण, म्हणजे रंगाची माहिती दुप्पट, आणि फरक दिसतो.

तिसरी गोष्ट ८ बिट आणि १० बिट. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. यावर हमखास एक वाद होतो. लोक म्हणतात, भाऊ आपला कॅमेराच ८ बिट आहे, मग मास्टर १० बिट काढून काय फायदा, नसलेली माहिती कुठून येणार. ऐकायला बरोबर वाटतं पण अर्धवट आहे. कॅमेऱ्यातून ८ बिट आलं तरी एडिटिंग सॉफ्टवेअर त्याच्यावर ग्रेडिंग करतं ते खूप जास्त बारकाईने करतं, आणि तुम्ही भादव्यातल्या ढगाळ आभाळाला थोडं गडद केलं, कडेला व्हिनेट दिला, टायटलच्या मागे ग्रेडियंट टाकला, तर या सगळ्यातून मधल्या नवीन छटा तयार होतात. त्या १० बिटमध्ये लिहिल्या तर टिकतात. ८ बिटमध्ये परत कोंबल्या तर आभाळात पट्टे पडतात, आणि उद्या कोणी तीच फाईल घेऊन अजून थोडा रंग बदलला तर ते पट्टे ठळक होतात. म्हणून कॅमेरा कुठलाही असो, ग्रेडिंग केलेल्या फिल्मचा मास्टर १० बिटच.

आणि हे सगळं महत्त्वाचं का, तर नंतर जी मागणी येते ती 'तशीच्या तशी दे' अशी कधी नसते. मंडळ म्हणतं पुढच्या वर्षी मोठ्या एलईडी स्क्रीनवर दाखवायची आहे. एखादं चॅनल म्हणतं चाळीस सेकंदाचा तुकडा द्या पण तुमचं नाव-लोगो काढून. दरवेळी नवीन फाईल काढावी लागते, म्हणजे परत एकदा कॉम्प्रेशन होणार. दाबलेल्यातून परत दाबलेलं काढणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. 'यूट्यूबवर आहेच की' म्हणणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, तुम्ही चढवलेली ६ जीबीची फाईल यूट्यूब स्वतःसाठी पुन्हा एनकोड करतं, आणि स्टुडिओमधून स्वतःचाच व्हिडिओ डाउनलोड करायला गेलात तर मिळतो तो ७२०पी किंवा त्याहून छोटा. ते गोदाम नाही.

बरं मग ठेवायचं काय? माझं मत सरळ आहे. आपल्यासारख्या छोट्या स्टुडिओंनी टाइमलाइनवरून थेट प्रोरेस ४२२ एचक्यू काढावा, मूव्ह फाईलमध्ये, आवाज दाबलेला नाही असा पीसीएम, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. प्रोरेस अ‍ॅपलने २००७ मध्ये आणला. तो १० बिट ४:२:२ आहे आणि त्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, शेजारच्या फ्रेमवर अवलंबून नसते. याचे दोन फायदे. एक, कुठल्याही फ्रेमला कापा, नवीन तुकडा जोडा, काही बिघडत नाही. दुसरा, डिस्कवर एखाद्या जागी डेटा खराब झाला तर एखादी फ्रेम खराब होते, पण एच.२६४ मध्ये तोच बिघाड पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत पसरत जातो, चेहरे वितळल्यासारखे दिसतात ते यामुळेच.

'अ‍ॅपल उद्या बंद करेल तर?' असं विचारणारे असतात आणि विचारायलाच पाहिजे, मास्टर म्हणजे दहा-वीस वर्षांचा विचार. तर प्रोरेसची रचना कशी आहे याचा कागद एसएमपीटीई या संस्थेकडे आरडीडी ३६ या नावाने प्रसिद्ध झालेला आहे, आणि एफएफएमपेगसारखं फुकटचं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर तो उघडतं. म्हणजे अ‍ॅपलने उद्या हात वर केले तरी फाईल वाचायचा रस्ता उरतो. फॉरमॅट निवडताना मला हीच कसोटी सगळ्यात मोठी वाटते, कंपनी कोणाची आहे यापेक्षा तिच्याशिवाय फाईल उघडते का हे बघा.

आता वजन. फोर के २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू साधारण ७३७ एमबीपीएस घेतो, म्हणजे मिनिटाला साडेपाच जीबी, आपली १८ मिनिटांची मारबत झाली १०० जीबीच्या आसपास. ६ कुठे अन् १०० कुठे! पण एका फ्रेमच्या वाट्याला २२५ केबीऐवजी ३.७ एमबी आले, गुलाल तिथेच दिसतो. नुसता प्रोरेस ४२२, एचक्यू नसलेला, घेतला तर ४९२ एमबीपीएस, फिल्म ६६ जीबी. आणि फुल एचडीत एचक्यू १८४ एमबीपीएस, म्हणजे हीच फिल्म २५ जीबी. ४ टीबीच्या एका डिस्कवर अशा १०० जीबीच्या ३५-४० फिल्म मावतात. प्रत्येक बिलात डिस्कचे पैसे एक ओळ टाकून लावा, लोक अल्बमच्या कव्हरचे देतात तर याचेही देतील.

सगळ्यालाच एचक्यू पाहिजे का, तर नाही. चार तासांचं व्याख्यान, एका जागी कॅमेरा, मागे पडदा, त्याला नुसता ४२२ किंवा ४२२ एलटी पुष्कळ झाला. लग्नाचं सात तासांचं पूर्ण रेकॉर्डिंग, जे कोणी पूर्ण बघणार नाही, त्याचा फोर के एचक्यू करत बसलात तर दोन टीबीच्या वर जाल, त्यापेक्षा त्याची कॅमेरा फाईल जशी आहे तशी ठेवा आणि वीस मिनिटांच्या कापलेल्या फिल्मचा एचक्यू काढा. जिथे ग्रेडिंग झालंय, मेहनत झालीये, तिथे जागा खर्च करायची.

विंडोजवाल्यांची एक अडचण. प्रीमियरमध्ये विंडोजवरही प्रोरेस निघतो, पण रिझॉल्वच्या विंडोजवरच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रोरेस एक्स्पोर्टच नव्हता, आणि बरेच जण अजून तेच चालवून राहिले. त्यांनी अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचआर घ्यावा, वजन जवळपास सारखंच, गुणही तसेच. फक्त इथे नावात एक गफलत आहे ती नीट बघा. प्रोरेसमध्ये 'एचक्यू' म्हणजे १० बिट, पण डीएनएक्सएचआरमध्ये 'एचक्यू' म्हणजे ८ बिट! १० बिट पाहिजे असेल तर शेवटी एक्स असलेला, एचक्यूएक्स. मेन्यूमध्ये दोन्ही एकाखाली एक असतात, नाव ओळखीचं वाटतं म्हणून माणूस एचक्यू दाबतो, फाईल शंभर जीबीची होते आणि आत मात्र ८ बिट. बघून हे कळत नाही, फाईलला विचारावं लागतं. एफएफएमपेगसोबत येणारा एफएफप्रोब हे सांगतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,profile,pix_fmt,r_frame_rate -of default=nw=1 Marbat_Master.mov
```

प्रोरेस नीट निघाला असेल तर उत्तर असं येतं:

```
codec_name=prores
profile=HQ
pix_fmt=yuv422p10le
r_frame_rate=25/1
```

तिसरी ओळ बघायची. त्यात 422 आणि 10 दिसलं पाहिजे. नुसतं yuv422p आलं तर समजायचं की ८ बिट निघालंय, परत एक्स्पोर्ट करा. ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायचा कंटाळा आहे त्यांनी मीडियाइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, तेच सगळं तिथे वाचता येतं. रिझॉल्वमध्ये अजून एक जागा, डिलिव्हर पेजवर डेटा लेव्हल्स म्हणून पर्याय आहे, तो ऑटो किंवा व्हिडिओवर असू द्या. कोणीतरी 'फुल म्हणजे फुल क्वालिटी' असं सांगतं आणि माणूस फुल करतो. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काळी मारबत नुसती काळीकुट्ट दिसते, अंगावरचं काहीच दिसत नाही, अन् पांढरे शर्ट जळालेले.

फॉरमॅटइतकंच महत्त्वाचं म्हणजे मास्टरच्या पोटात काय टाकायचं. क्लायंटला दिलेल्या फाईलमध्ये सगळं एकत्र शिजवलेलं असतं, टायटल, लोगो, सबटायटल, निवेदन, गाणं, सगळं. मास्टरमध्ये चित्र पूर्ण टायटलसकट ठेवा, तीच खरी फिल्म आहे, पण आवाज वेगवेगळा ठेवा. पहिला स्टिरिओ ट्रॅक पूर्ण मिक्स, दुसऱ्यावर फक्त निवेदन आणि मुलाखती, तिसऱ्यावर फक्त जागेवरचा आवाज, चौथ्यावर फक्त संगीत. मूव्ह फाईलमध्ये हे सगळे ट्रॅक आरामात मावतात, चित्रापुढे त्यांचं वजन काहीच नाही, आपल्या फिल्मला सगळे मिळून सव्वा जीबी. उद्या गाण्यावर कॉपीराइटचा क्लेम आला, आणि येतोच, तर फक्त चौथा ट्रॅक बदलायचा. 'घेऊन जा गे मारबत'चा तो आरडाओरडा गाण्याखाली गाडलेला असेल आणि तुमच्याकडे फक्त मिक्स असेल तर गाणं काढताना लोकांचा आवाजही जाईल, आणि तो आवाज परत कुठून आणणार?

टायटल नसलेली दुसरी पूर्ण फिल्म काढायची गरज नाही, शंभर जीबी उगाच. फिल्म संपल्यावर दहा सेकंद काळं ठेवा आणि त्यामागे ज्या-ज्या शॉटवर टायटल किंवा नावाच्या पट्ट्या आहेत तेवढेच शॉट टायटल काढून ओळीने लावा. आपल्या फिल्मला असे सगळे मिळून दीड मिनिट होतील, म्हणजे आठ-नऊ जीबी वाढले. त्या चॅनलवाल्याला लोगो नसलेला तुकडा पाहिजे ना, मिळाला. इंग्रजी सबटायटल असतील तर ते चित्रावर छापू नका, एसआरटी फाईल बाजूला ठेवा.

इथे कोणीतरी म्हणेल की एवढी भानगड कशाला, प्रोजेक्ट फाईल आणि फुटेज ठेवलं की झालं, पाहिजे तेव्हा उघडू. ठेवा ना, जरूर ठेवा, पण तिला मास्टर म्हणू नका. मराठी टायटल असतील तर तर अजिबातच नको. नवीन मशीनवर तो फॉन्ट नसतो. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. प्रीमियरमध्ये देवनागरी नीट जोडली जायला ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडलेलं लागतं, ते नसेल तर वेलांटी एकीकडे अन् अक्षर दुसरीकडे. प्लगइनचं लायसन्स संपलेलं असतं. प्रोजेक्ट उघडतो, पण तुम्ही दिलेली फिल्म त्यातून निघेलच असं नाही.

यानंतरची सवय मला सगळ्यात कामाची वाटते. अपलोडच्या फाईली टाइमलाइनवरून वेगळ्या काढायच्याच नाहीत, आधी मास्टर काढायचा आणि बाकी सगळं मास्टरमधूनच करायचं. कारण मास्टर काढून कपाटात टाकला आणि कोणी उघडूनच बघितला नाही तर त्यात सातव्या मिनिटाला काळी फ्रेम आहे हे पाच वर्षांनी कळेल. मास्टरमधूनच यूट्यूबची फाईल काढली तर मास्टरमधली चूक लगेच, क्लायंटच्याही आधी, आपल्याच डोळ्यासमोर येते. आमच्याकडे असं करतात:

```
ffmpeg -i Marbat_Master.mov -t 00:18:00 -map 0:v:0 -map 0:a:0 -c:v libx264 -crf 18 -preset slow -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 320k -movflags +faststart Marbat_YT.mp4
```

यात -t 00:18:00 मुळे शेवटचे टायटल नसलेले शॉट बाहेर राहतात आणि 0:a:0 मुळे फक्त पहिला ट्रॅक, म्हणजे पूर्ण मिक्स, जातो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी याच ओळीत आकार कमी करायचा आणि crf वाढवायचा. या छोट्या फाईली नंतर उडवल्या तरी चालतात, मास्टर आहे तर त्या कधीही परत निघतात.

कॉपी करताना काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रोरेसच्या फाईली बहुतेक इथेच मरतात. मूव्ह फाईलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची एक यादी असते आणि ती साधारणपणे फाईलच्या शेवटी लिहिलेली असते. शंभर जीबीची कॉपी चालू आहे, ९५ जीबी झाली आणि लाइट गेली किंवा कोणाचा पाय केबलला लागला, तर शेवटचा तुकडा जात नाही, आणि तो तुकडा म्हणजेच यादी. ९५ जीबीचं चित्र डिस्कवर आहे पण फाईल उघडतच नाही, एफएफएमपेग moov atom not found म्हणून मोकळा होतो. फाईलचं नाव तर डिस्कवर दिसतं, म्हणून माणूस निवांत असतो. तर नुसतं नाव बघून समाधान मानू नका, दोन्ही कॉपींचा चेकसम काढा. विंडोजवर:

```
certutil -hashfile Marbat_Master.mov SHA256
```

मॅकवर shasum -a 256 आणि पुढे फाईलचं नाव. एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ मिळते, ती मूळ आणि कॉपी दोघांची सारखी आली तर कॉपी शंभर टक्के सारखी. ती ओळ त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा, वर्ष-दोन वर्षांनी परत काढून ताडून बघता येते. आणि फाईल पूर्ण, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत उघडते का हे बघायला:

```
ffmpeg -v error -i Marbat_Master.mov -map 0:v -map 0:a -f null -
```

काहीच छापलं नाही तर सगळं ठीक. लाल ओळी आल्या तर त्याच दिवशी परत एक्स्पोर्ट करा, प्रोजेक्ट अजून जिवंत आहे तोवर.

डिस्कबद्दल जास्त बोलत नाही, दोन कॉपी, दोन वेगळ्या डिस्क, त्यातली एक वेगळ्या घरात. डिस्क एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालेल, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाईल जातच नाही. एसएसडी कामाला झकास पण वर्षानुवर्षं बिनविजेची कपाटात ठेवायला नको, त्याला साधी हार्ड डिस्क बरी. आणि मे महिन्यात टिनाच्या शेडखाली, गच्चीवरच्या खोलीत नका ठेवू, नागपूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही तर डिस्कला कुठून सोसेल.

ज्यांच्याकडे जुन्या कामाची फक्त एमपी४ उरलीये त्यांच्यासाठी. ती एमपी४च आता तुमचा मास्टर आहे, ती आहे तशी ठेवा. तिला प्रोरेसमध्ये बदलून 'आता मास्टर झाला' असं काही नसतं, ६ जीबीची फाईल १०० जीबीची होते आणि आतले ठोकळे तसेच राहतात. जागा गेली अन् मिळालं काहीच नाही.

शेवटी एफएफव्ही१ बद्दल, कारण जरा वाचन असलेले लोक हमखास म्हणतात की खरे आर्काइव्हवाले प्रोरेस नाही, मॅट्रोस्कामध्ये एफएफव्ही१ ठेवतात. बरोबर आहे. एफएफव्ही१ पूर्णपणे लॉसलेस आहे, म्हणजे एकही बिट सोडत नाही. तो कुठल्या कंपनीचा नाही, त्याची रचना २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून जाहीर झालेली आहे. आणि त्यात प्रत्येक फ्रेमच्या तुकड्यातुकड्याला स्वतःचा चेकसम ठेवता येतो, म्हणजे बिघाड कुठल्या फ्रेमच्या कुठल्या भागात आहे हे फाईलच सांगते. अर्धवट कॉपी झाली तरी मॅट्रोस्का फाईल जिथपर्यंत आली तिथपर्यंत सहसा चालते. मग आपण का नाही? एक म्हणजे वजन. आपली मारबत अजिबात न दाबता १० बिट ४:२:२ मध्ये ठेवली तर ५६० जीबी होईल, एफएफव्ही१ त्याचं साधारण निम्मं करेल, आणि गर्दी-धूळ जितकी जास्त तितकं वजन जास्त. दुसरं, प्रीमियर किंवा फायनल कटमध्ये तो थेट उघडत नाही, आधी बदलून घ्यावा लागतो, आणि घाईच्या दिवशी 'भाऊ, दोन तासात पाठवून देजो' असा फोन आल्यावर ते जड जातं. प्रोरेस निघालेला असेल तर तो एफएफव्ही१ करण्यातही अर्थ नाही, जे गेलं ते आधीच गेलंय, वजन मात्र वाढेल.

पण एका जागी मी एफएफव्ही१च म्हणेन, व्हीएचएसच्या कॅसेटी. ज्या स्टुडिओंकडे नव्वदच्या दशकातली लग्नं, नाटकं, मिरवणुका व्हीएचएसवर पडून आहेत, त्यांना ती टेप अजून किती वेळा चालेल याची खात्री नाही, म्हणून एकदाच चालवून जेवढं निघतंय तेवढं सगळं घ्या. जुन्या पीएएल चित्राचा आकार ७२० बाय ५७६ एवढाच, न दाबता तासाला ९३ जीबी, एफएफव्ही१ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास, परवडतं. मिनी डीव्ही कॅसेट असेल तर तेही करू नका. तिच्यावर आधीच डिजिटल फाईल आहे, फायरवायरने ती जशीच्या तशी कॉम्प्युटरवर ओढा, तासाला १३ जीबी, आणि तीच .dv फाईल मास्टर. दोन्ही ठिकाणी मास्टरमध्ये डीइंटरलेस करू नका. त्या आडव्या रेघा कितीही डोळ्यात खुपल्या तरी त्यात सेकंदाला ५० वेळचं चित्र आहे, ते यूट्यूबच्या कॉपीत काढा. डीइंटरलेस करणारी सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारतात, मास्टरमध्ये रेघा शाबूत असतील तर पुढच्या चांगल्या सॉफ्टवेअरला काम करायला काहीतरी उरेल.